देश बदलला, अकाउंट बदललं आणि विकत घेतलेली पुस्तकं गायब झाली: ती नेमकी कुठे शोधायची

माझ्या एका मैत्रिणीचा रविवारी सकाळी फोन आला, आवाज अगदी रडवेला. नवीन देशात जाऊन तीन आठवडे झालेले, नवीन फोन घेतला, त्यात ऑडिओबुकचं ॲप टाकलं, ॲपने विचारलं कुठल्या देशाचं स्टोअर हवं, तिने साहजिकच नवीन देश निवडला, साइन-इन केलं आणि लायब्ररी उघडली तर शून्य पुस्तकं. पाच वर्षांत जमवलेली पुस्तकं, तीही पैसे देऊन घेतलेली. तिला वाटलं सगळं उडालं. त्या घाबरगुंडीत अर्धं ऐकून झालेलं एक पुस्तक तिने परत विकतही घेतलं.

तिची पुस्तकं उडाली नव्हती, आणि तुमचीही बहुतेक उडालेली नसतील. पुस्तक हे "तुमच्या" नावावर नसतं, ते एका ठराविक लॉगिनच्या आणि एका ठराविक स्टोअरच्या जोडीवर असतं. ईमेल तोच असला तरी स्टोअर वेगळं असेल तर लायब्ररी वेगळी. स्टोअर तेच असलं तरी लॉगिन वेगळं असेल तरी लायब्ररी वेगळी. म्हणून खरं काम एवढंच की प्रत्येक पुस्तक कुठल्या जोडीवर घेतलं होतं ते शोधून काढायचं, आणि ते सापडेपर्यंत काहीही मोडायचं नाही.

आधी काय करायचं नाही ते सांगतो

सेटिंगमध्ये जाऊन देश बदलू नका. बदलला असेल तर घाईघाईने उलटा पण करू नका, कारण काही ठिकाणी हा बदल वर्षातून एकदाच करता येतो. जुनं अकाउंट "आता काय उपयोग" म्हणून बंद तर मुळीच करू नका, अकाउंट बंद केलं की त्यावरची डिजिटल खरेदी त्याच्यासोबत जाते आणि ती परत मिळवणं जवळजवळ अशक्य असतं. जुन्या फोनवर किंवा टॅबवर ती पुस्तकं अजून दिसत असतील तर तिथून साइन आउट करू नका, तो जुना फोन हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. त्यात ॲपच्या अकाउंट पानावर जाऊन कुठला ईमेल आणि कुठलं स्टोअर दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट काढा, काही जणांचं कोडं इथेच सुटतं.

आणि हो, लायब्ररीतला फिल्टर बघा. नवीन फोनवर फक्त "Downloaded" निवडलेलं असेल तर काहीच डाउनलोड नसल्यामुळे लायब्ररी रिकामी दिसणारच. "All" करून बघायला पाच सेकंद लागतात, आधी ते करा.

पहिली पायरी: पावती शोधा

आठवणीवर विसंबू नका. "मी नेहमी याच ईमेलने लॉगिन करते" असं माझी मैत्रीणही ठामपणे म्हणत होती आणि ते अर्धंच खरं निघालं. खात्रीची गोष्ट म्हणजे खरेदीची पावती, जी प्रत्येक स्टोअर ईमेलवर पाठवतं. तुमच्याकडे जितके मेलबॉक्स असतील, जुना कॉलेजचा, ऑफिसचा, घरच्यांसोबतचा कॉमन, त्या सगळ्यात शोधायचं. जीमेल असेल तर सर्चच्या खिडकीत हे टाका:

```
from:(audible OR amazon) in:anywhere
from:no_reply@email.apple.com in:anywhere
from:googleplay-noreply@google.com in:anywhere
```

`in:anywhere` मुळे स्पॅम आणि ट्रॅशमधलंही दिसतं, पण ट्रॅशमधले मेल 30 दिवसांनी कायमचे जातात हे लक्षात ठेवा. फार मेल आले तर शेवटी `before:2022/01/01` अशी तारीख जोडून आकडा कमी करता येतो.

पावती उघडली की चार गोष्टी बघायच्या. एक, ती नक्की कुठल्या पत्त्यावर आली आहे. इथे लोक चुकतात, मेल तुमच्या इनबॉक्समध्ये आहे म्हणजे तो तुमच्या त्याच पत्त्यावर पाठवलेला असतो असं नाही, फॉरवर्ड होऊनही आलेला असू शकतो, म्हणून पाठवणाऱ्याच्या नावाखाली "to me" लिहिलेलं असतं त्याच्या शेजारचा छोटा बाण दाबा आणि "to:" ची पूर्ण ओळ वाचा. दोन, पावतीतल्या लिंक कुठल्या डोमेनच्या आहेत, म्हणजे audible.com आहे की audible.co.uk की audible.de, कारण यातल्या प्रत्येकाची लायब्ररी स्वतंत्र आहे. तीन, ऑर्डर नंबर. ॲमेझॉनच्या डिजिटल ऑर्डरचा नंबर `D01-` ने सुरू होतो, गूगल प्लेचा `GPA.` ने आणि ॲपलचा साधारण `M` ने, त्यामुळे "हे पुस्तक मी नक्की कुठून घेतलं" हेच विसरला असाल तरी नंबर बघून कळतं. चौथी गोष्ट, हा मेल खरंच खरेदीचा आहे की मेंबरशिपच्या महिन्याच्या बिलाचा, त्याबद्दल पुढे बोलतो.

मेल अजिबात मिळाला नाही तर बँकेचं किंवा कार्डचं स्टेटमेंट काढा. त्यात पुस्तकाचं नाव नसतं पण तारीख, रक्कम आणि स्टोअरचं नाव असतं, आणि कस्टमर केअरला तेवढ्यावरूनही शोधता येतं.

हे सगळं एका साध्या शीटमध्ये उतरवा, पुस्तकाचं नाव, तारीख, पत्ता, स्टोअर, ऑर्डर नंबर. कंटाळवाणं काम आहे पण करा. मैत्रिणीकडे ऐकलेल्या पुस्तकांची स्वतः लिहिलेली यादी होती, त्यात 52 नावं होती. दीड तास व्हिडिओ कॉलवर बसून आम्ही पावत्या जुळवल्या तेव्हा चित्र असं निघालं: 41 पुस्तकं तिच्या नेहमीच्या ईमेलवर पण जुन्या देशाच्या स्टोअरमधून घेतलेली, 6 पुस्तकांच्या पावत्या एका भलत्याच पत्त्यावर आलेल्या, आणि 5 पुस्तकांची पावतीच नाही. म्हणजे गायब होण्याची तीन वेगवेगळी कारणं एकाच लायब्ररीत, आणि तिन्हीचा इलाज वेगळा.

दुसरी पायरी: जुन्या स्टोअरचं दार ब्राउझरमधून उघडा

ॲपमध्ये खटपट करू नका, कॉम्प्युटरवर ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडा. प्रायव्हेटच का, तर साध्या विंडोत आधीचं लॉगिन बसलेलं असतं आणि ते तुम्हाला न विचारता नवीन देशाच्या पानावर नेऊन सोडतं. पावतीवर जो डोमेन दिसला तोच हाताने टाइप करा आणि पावतीवरच्या पत्त्याने साइन-इन करा.

ॲमेझॉनच्या ऑडिबल या ऑडिओबुक सेवेचं उदाहरण घेऊ कारण तिथे हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. त्यांची देशानुसार वेगवेगळी मार्केटप्लेस, म्हणजे स्टोअर, आहेत, लॉगिन ॲमेझॉनचंच चालतं, त्यामुळे एकाच ईमेल-पासवर्डने तुम्ही दोन मार्केटप्लेसमध्ये जाऊ शकता आणि दोन्हीकडे तुमचं नाव बरोबर दिसतं, पण लायब्ररी मात्र दोन. नवीन देशाच्या पानावर पहिल्यांदा साइन-इन केलंत की तिथे तुमची कोरी लायब्ररी उघडते आणि जुनी आहे तिथेच राहते. ती बघायची असेल तर नवीन फोनवरच्या ॲपमधून साइन आउट करून पुन्हा साइन-इन करताना मार्केटप्लेस बदलून जुनं निवडावं लागतं. जुन्या देशात तुम्ही आता राहत नसलात तरी आधी विकत घेतलेली पुस्तकं अशी ऐकता येतात. गैरसोय एवढीच की ॲप एका वेळी एकाच मार्केटप्लेसची लायब्ररी दाखवतं, आणि साइन आउट केल्यावर डाउनलोड पुन्हा करावे लागू शकतात, म्हणून चांगलं वायफाय असताना करा.

ब्राउझरमध्ये जुनी लायब्ररी दिसली म्हणजे निम्मा जीव भांड्यात पडतो. तरीही तिथल्या खरेदीच्या इतिहासाचं पान तुमच्या शीटशी ताडून बघा, कारण लायब्ररीतून एखादं पुस्तक लपवलेलं किंवा आर्काइव्ह केलेलं असू शकतं पण खरेदीच्या इतिहासात ते दिसतं.

इथे अडकवणारी गोष्ट म्हणजे ओटीपी. देश बदलल्यावर जुनं सिम बंद झालेलं असतं आणि कोड त्याच नंबरवर जातो. मैत्रिणीचं अगदी हेच झालं, पासवर्ड बरोबर, पण कोड मिळणार कुठून. अशा वेळी परत परत कोड मागवू नका, काही वेळाने अकाउंट तात्पुरतं लॉक होतं. कोडच्या पानावर दुसरा मार्ग दिलेला असतो, ईमेलवर कोड किंवा अकाउंट रिकव्हरी, तो निवडा. रिकव्हरीत ओळख पटवायला वेळ लागतो, तिला चार दिवस लागले, आणि तिथेही पावतीवरचे ऑर्डर नंबर कामी आले. ज्यांचं जाणं अजून व्हायचंय त्यांनी सिम बंद करायच्या आधी प्रत्येक स्टोअरच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये ऑथेंटिकेटर ॲप जोडून ठेवा, ते नंबरवर अवलंबून नसतं.

तिसरी पायरी: दुसरं लॉगिन, जे तुम्हाला आठवतही नाही

आता त्या 6 पुस्तकांकडे येतो. त्या पावत्यांची "to:" ओळ उघडली तर तिथे अक्षरं-आकड्यांची काहीतरी माळ आणि शेवटी `@privaterelay.appleid.com` असं होतं. हा पत्ता कुणी हॅक केलेला नाही. आयफोनवर एखाद्या ॲपमध्ये "Sign in with Apple" दाबून ईमेल लपवायचा पर्याय निवडला की ॲपल असा एक पत्ता तयार करून देतं आणि त्यावर आलेले मेल तुमच्या खऱ्या इनबॉक्समध्ये पोचवतं. स्टोअरच्या दृष्टीने मात्र तो एक वेगळाच माणूस, वेगळं अकाउंट. दोन वर्षांपूर्वी कधीतरी पासवर्ड आठवेना म्हणून तिने ते बटण दाबलं होतं, सहा पुस्तकं घेतली होती, मग नंतर पुन्हा ईमेलने लॉगिन करायला लागली. नवीन फोन अँड्रॉइडचा, त्यामुळे ते बटण डोळ्यासमोर आलंच नाही आणि पुस्तकं नजरेआड झाली.

असं काही असेल तर आयफोनच्या सेटिंगमध्ये सगळ्यात वर तुमचं नाव असतं, त्यात "Sign in with Apple" ची यादी आहे, कुठल्या ॲपसाठी कुठला पत्ता दिलाय ते तिथे दिसतं. ॲपल फोन आता नसेल तरी ब्राउझरमधून स्टोअरच्या पानावर तेच बटण दाबून आत जाता येतं. ही यादी बघताना "Stop Using" हे बटण चुकूनही दाबू नका, त्याने त्या अकाउंटचं दार आणखी अवघड होतं.

याच जातीचे आणखी दोन प्रकार सांगतो. गूगलच्या बटणाने केलेलं लॉगिन आणि हाताने टाइप करून केलेलं लॉगिन कधीकधी दोन अकाउंट बनवतं. आणि ॲमेझॉनवर कुणाचं एक अकाउंट मोबाइल नंबरवर आणि दुसरं ईमेलवर असतं, जुन्या काळात तर एकाच ईमेलवर दोन वेगळ्या पासवर्डची दोन अकाउंट असलेली माणसंही आहेत. म्हणून सध्याच्या पासवर्डने आत गेल्यावर पुस्तकं नसतील तर तुमचा सगळ्यात जुना पासवर्ड टाकून बघा, किंवा ईमेलऐवजी नंबर टाकून बघा.

दोन अकाउंट सापडली की पुढचा प्रश्न ठरलेला, ती एकत्र करता येतील का. ॲमेझॉन आणि गूगल दोघंही एका अकाउंटची खरेदी दुसऱ्यावर टाकून देत नाहीत. ॲपलने 2025 मध्ये एका ॲपल अकाउंटची खरेदी दुसऱ्यावर हलवायची सोय आणली पण तिला बऱ्याच अटी आहेत आणि ती सगळ्या देशांत नाही. त्यामुळे दोन्ही अकाउंट जिवंत ठेवणं, दोन्हीचे पासवर्ड एका पासवर्ड मॅनेजरमध्ये नीट नाव देऊन ठेवणं आणि इथून पुढची खरेदी एकाच ठिकाणी करणं, हाच व्यवहार्य मार्ग आहे असं माझं मत आहे. किंडलच्या पुस्तकांसाठी एक सोय आहे, ॲमेझॉनच्या फॅमिली शेअरिंगमध्ये दोन मोठ्या माणसांची अकाउंट जोडून एकमेकांची पुस्तकं वाचता येतात.

चौथी पायरी: पावतीच नसलेली पुस्तकं

उरलेली 5. ही मैत्रिणीने विकत घेतलीच नव्हती. मेंबरशिपमध्ये फुकट ऐकायला मिळणारी होती, लायब्ररीत विकतच्या पुस्तकांच्या शेजारीच दिसायची म्हणून तिला फरक कळला नव्हता, आणि जाताना तिने मेंबरशिप बंद केली. ऑडिबलवर मेंबरशिपमध्ये मिळणारं क्रेडिट वापरून घेतलेलं पुस्तक मेंबरशिप संपली तरी तुमचंच राहतं, पण "Included" असं लिहिलेलं पुस्तक मेंबरशिपसोबत जातं. किंडल अनलिमिटेडचंही तसंच, ती पुस्तकं उसनी असतात. या पुस्तकांसाठी कस्टमर केअरशी भांडण्यात अर्थ नाही, पावती नसेल तर ती बहुधा या प्रकारातली असतात.

मेंबरशिप बंद करायच्या आधी उरलेली क्रेडिट मात्र वापरून घ्या. ती सहसा बंद करताच जातात, आणि एका मार्केटप्लेसची क्रेडिट दुसऱ्यात चालत नाहीत.

आता देश बदलायचा का?

सगळी पुस्तकं कुठे आहेत हे कळल्यावरच या प्रश्नाला हात घाला. किंडलवर देश बदलणं त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. ॲमेझॉनच्या "Manage Your Content and Devices" मध्ये "Preferences" आणि त्यात "Country/Region Settings", तिथे नवीन देशाचा पत्ता द्यावा लागतो, आणि विकत घेतलेली किंडल पुस्तकं तुमच्यासोबत येतात. सबस्क्रिप्शन मात्र तुटू शकतात, आणि ऑडिबलची लायब्ररी या बदलाने हलत नाही, "किंडल आलं पण ऑडिओबुकं आली नाहीत" असं म्हणणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो. एक गोष्ट मात्र बदललीय, किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने टाकायचा पर्याय ॲमेझॉनने 26 फेब्रुवारी 2025 पासून बंद केला, त्यामुळे "आधी फाइल काढून ठेवा" हा जुना सल्ला आता तिथे बहुतेक पुस्तकांसाठी चालत नाही.

गूगल प्लेबद्दल मी जरा जास्त सावध आहे. तिथे देश वर्षातून एकदाच बदलता येतो, नवीन देशाचं पेमेंट साधन लागतं, जुन्या देशातला शिल्लक बॅलन्स नवीन देशात वापरता येत नाही, आणि काही पुस्तकं दिसेनाशी होऊ शकतात असं गूगल स्वतःच सांगतं. आधी तिथली पुस्तकं डिव्हाइसवर उतरवा, बॅलन्स संपवा आणि मगच बदला. प्रकाशकाने परवानगी दिलेल्या पुस्तकांची ईपब किंवा पीडीएफ फाइलही तिथून काढता येते, ती काढून ठेवाच.

ॲपलवर देश बदलण्याआधी अकाउंटमधला शिल्लक बॅलन्स शून्य करावा लागतो आणि चालू सबस्क्रिप्शन संपवावी लागतात. नवीन देशाच्या स्टोअरमध्ये जे पुस्तक नाही ते पुन्हा डाउनलोड होत नाही, म्हणून बुक्स ॲपमधलं प्रत्येक पुस्तक आधी डिव्हाइसवर उतरवून ठेवा, ढगाचं चिन्ह दिसतंय म्हणजे ते अजून उतरलेलं नाही.

असं पुस्तक नसण्यामागे साधं कारण आहे. प्रकाशक पुस्तकाचे हक्क देशादेशाप्रमाणे विकतो, एकाच पुस्तकाचा ऑडिओ एका देशात एका कंपनीकडे आणि दुसऱ्या देशात दुसऱ्याकडे असू शकतो, आणि नवीन देशातल्या स्टोअरकडे तो हक्क नसेल तर त्यांना ते दाखवता येत नाही.

कस्टमर केअरला काय लिहायचं

"माझी पुस्तकं गायब झाली" एवढंच लिहिलंत तर उत्तर येतं ॲप काढून पुन्हा टाका. त्याऐवजी असं काही लिहा:

"या तारखेला ऑर्डर नंबर D01-… ने हे पुस्तक घेतलं. पावती या ईमेलवर आली आहे. सध्या मी या स्टोअरमध्ये साइन-इन आहे आणि तिथे ते दिसत नाही. ही ऑर्डर कुठल्या अकाउंटवर आणि कुठल्या देशाच्या स्टोअरवर आहे ते कृपया बघून सांगा. अकाउंट एकत्र करू नका, बंद करू नका, देश बदलू नका."

शेवटचं वाक्य नक्की टाका, कारण मदत करायच्या भरात समोरचा माणूस देश बदलून देऊ शकतो आणि मग काही ठिकाणी तुम्हाला वर्षभर थांबावं लागतं. शक्यतो पावती आलेल्या पत्त्यावरूनच लिहा, दुसऱ्याच पत्त्यावरून विचारलं तर ते त्या अकाउंटची माहिती देणार नाहीत आणि ते बरोबरच आहे.

मैत्रिणीची 41 पुस्तकं चौथ्या दिवशी रिकव्हरी झाल्यावर एकदम दिसली, 6 त्या ॲपलच्या बटणामागे होती, 5 गेली. आणि घाबरून दुसऱ्यांदा घेतलेल्या त्या पुस्तकासाठी तिने दोन्ही ऑर्डर नंबर देऊन, हे माझ्याकडे आधीपासून होतं, चुकून परत घेतलं गेलं, असं लिहिलं. दोन दिवसांत पैसे परत आले, आणि जुन्या लायब्ररीत ते पुस्तक ती जिथे थांबली होती त्याच जागी उभं होतं.